सिमचा पीयूके: दहा संधींचा नियम कुठून आला

तीन वेळा पिन चुकला की सिम पीयूके, म्हणजे अडकलेलं कार्ड पुन्हा उघडणारे आकडे, मागतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. हा हिशेब नेमका कुठे ठेवला जातो, याबद्दल मात्र गैरसमज आहे. फोन बंद करून चालू केला, सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं किंवा रात्रभर काढून ठेवलं, तरी गेलेली संधी परत मिळत नाही. मोजणी कार्डाच्या चिपमध्ये, वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत होते. फोन फक्त निरोप्याचं काम करतो. आपण टाकलेले आकडे तो कार्डाला देतो आणि कार्डाचं उत्तर पडद्यावर दाखवतो. हल्लीची कार्डं चुकीच्या पिनला 63 C2 असं उत्तर देतात. त्यातला शेवटचा अंक म्हणजे उरलेल्या संधी.

चुका कार्डानेच मोजायच्या ही कल्पना मोबाइलच्या आधीची आहे. 1970 च्या दशकात फ्रान्समध्ये चिप कार्डाची जी पेटंटं घेतली गेली, त्यांत ती आहे. पुढे बँकेच्या कार्डांत ती रुळली. युरोपातल्या जीएसएम या मोबाइल यंत्रणेने 1991 मध्ये सेवा सुरू केली तेव्हा ग्राहकाची ओळख फोनमधून काढून कार्डात ठेवली गेली, आणि कुलूपही साहजिकच कार्डाला लागलं. जीएसएम 11.11 या मानकाने आकडे ठरवून दिले: पिन चार ते आठ अंकी आणि त्याला तीन संधी, पीयूके आठ अंकी आणि त्याला दहा संधी. पिन बरोबर पडला की त्याच्या तीन संधी पुन्हा भरतात. पीयूके बरोबर पडला की दोन्ही मोजण्या पहिल्यासारख्या होतात. पीयूके दहाव्यांदा चुकला तर कार्ड कायमचं बंद.

वाद आहे तो या शेवटच्या नियमावर. गणित मांडलं तर तो अतिरेकी वाटतो. चार अंकी पिनच्या दहा हजार शक्यतांपैकी तीन आजमावता येतात. पीयूकेच्या दहा कोटी शक्यतांपैकी जेमतेम दहा. अंदाजाने पीयूके लागणं पिन लागण्यापेक्षा हजारो पटींनी अवघड असताना कार्ड मारून टाकायची गरज काय, असा आक्षेप घेतला जातो. मग दहाऐवजी शंभर संधी द्यायला काय हरकत होती? सुरक्षेच्या दृष्टीने फारशी नव्हती, हे मान्यच करायला हवं. मर्यादाच नसती तर मात्र चोराने कार्ड यंत्राला जोडून सेकंदाला दहा प्रयत्न केले असते आणि सुमारे 116 दिवसांत सगळे आकडे संपवले असते. कार्ड चोराच्या हातात, त्याला हवा तितका वेळ, आणि पीयूकेच्या वर आणखी कुठली किल्ली नाही. म्हणून कुठेतरी रेघ ओढावीच लागणार होती, आणि ती कार्डाच्या आत ओढली हे बरोबरच झालं. सेवा कंपनीला दूरवरून मोजणी मागे फिरवता आली असती, तर तोच मार्ग फसवणाऱ्यांनीही शोधला असता.

मोजणी आत असूनही सुरुवातीच्या काही चिप कार्डांत एक फट होती. कार्ड आधी आकडे पडताळायचं आणि चूक निघाली तर मग स्मृतीत नोंद करायचं. नोंद करताना वीज थोडी जास्त लागते. हल्लेखोर ती वाढ दिसताच वीज तोडायचे, म्हणजे चूक नोंदलीच जायची नाही. यावरचा उपाय म्हणजे आधी एक संधी वजा करायची, मग पडताळणी करायची आणि आकडे बरोबर असतील तरच वजा केलेली परत द्यायची.

व्यवहारात कार्डं मरतात ती अनेकदा भलत्याच पीयूकेमुळे. पीयूके मोबाइल क्रमांकाचा नसतो, त्या एका कार्डाचा असतो. समजा, सिम हरवलं म्हणून त्याच क्रमांकाचं नवं कार्ड घेतलं. जुनं सिम ज्यातून काढलं होतं ते, पीयूके छापलेलं प्लास्टिक घरात जपून ठेवलेलं आहे. एके दिवशी फोन सुरू करताना फोनच्या कुलुपाचे आकडे सिमच्या पिनच्या जागी तीनदा टाकले गेले आणि पडद्यावर पीयूके मागितला गेला. जपलेल्या प्लास्टिकवरचे आठ आकडे टाकले, चुकले. उरल्या नऊ संधी. टाइप करताना चूक झाली असेल असं वाटून तेच आकडे पुन्हा टाकले, उरल्या आठ. इथेच थांबायला हवं. कार्डावर छापलेला 19-20 अंकी, 89 ने सुरू होणारा क्रमांक त्या प्लास्टिकवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. जुळला नाही तर तो पीयूके या कार्डाचा नाही. मग सेवा कंपनीकडे किंवा तिच्या ॲपमध्ये सध्याच्या कार्डाचा पीयूके मागावा. फोनमध्ये दोन सिम असतील तर मागणी कुठल्या सिमची आहे हेही आधी बघावं.

पीयूके मागणाऱ्या पडद्यावर आधी पीयूके, मग नवा पिन दोनदा टाकायचा असतो. बऱ्याच फोनवर डायल करूनही हेच होतं. पीयूके 48291730 आणि नवा पिन 2580 असेल, तर:

```
**05*48291730*2580*2580#
```

दोन्ही ठिकाणचा नवा पिन वेगळा पडला तर संधी जात नाही, कारण ती तुलना फोन करतो आणि कार्डाला नवा पिन एकदाच देतो. जुना पिन आठवावा लागत नाही. पिनची मागणी आधी बंद ठेवलेली असली, तरी पीयूके लागू पडल्यावर ती चालू होते. नको असेल तर सेटिंगमधून पुन्हा बंद करावी लागते.

पीयूके पिन बदलण्याचा अधिकार देतो, पण फोनचं कुलूप उघडणं त्याच्या कक्षेत नाही. 2022 मध्ये अँड्रॉइडच्या एका दोषाने ही सीमा पुसली होती. हल्लेखोर चालू असलेल्या पण कुलूप लागलेल्या फोनमध्ये, म्हणजे सुरू केल्यावर निदान एकदा मालकाने उघडलेल्या फोनमध्ये, स्वतःचं सिम घालायचा, मुद्दाम तीनदा पिन चुकवायचा, मग स्वतःला माहीत असलेला पीयूके देऊन नवा पिन ठरवायचा. फोन थेट उघडायचा. पीयूके पटला की सिम तयार झाल्याची खबर मिळून सिमचा पडदा आधीच हटायचा आणि त्याखालचा फोनच्या कुलुपाचा पडदा वर यायचा. त्यानंतर ‘पडदा काढा’ हा हुकूम पोहोचायचा आणि तो समोर असेल त्या पडद्याला लागू व्हायचा. नोव्हेंबर 2022 च्या सुरक्षा अपडेटमध्ये, CVE-2022-20465 या नोंदीखाली, दुरुस्ती आली. आता हुकूम देताना कुठला पडदा काढायचा हेही सांगावं लागतं, आणि तोच समोर नसेल तर हुकूम पाळला जात नाही.

ई-सिममध्येही पिन, पीयूके आणि दहाची मर्यादा तीच आहे, फक्त ती डाउनलोड केलेल्या प्रोफाइलला लागते. प्रोफाइल कायमचं बंद पडलं तर ते काढून कंपनीकडून नवं घ्यावं लागतं, आणि त्याच्यासोबत पीयूकेही नवा येतो.