जादा कामाचा मोबदला : दैनिक व साप्ताहिक मर्यादांची एकत्र आकारणी

एकाच कामगाराला दिवसाची आणि आठवड्याची अशा दोन्ही मर्यादा लागू असताना जादा कामाचे (ओव्हरटाइमचे) तास मोजून त्यांचा मोबदला ठरवण्याची पद्धत. भारतात तिचा आधार कारखाने अधिनियम, 1948 चे कलम 59 हा होता. कोणत्याही दिवशी 9 तासांपेक्षा किंवा कोणत्याही आठवड्यात 48 तासांपेक्षा जास्त काम झाले, तर त्या जादा कामाला साधारण वेतनाच्या दुप्पट दर द्यावा, असे हे कलम सांगत होते. सगळी अडचण त्यातल्या ‘किंवा’ या शब्दाने होते. सोमवारी 9 तासांवर गेलेला तास आठवड्याच्या बेरजेतही येतो. मग तो दोनदा धरायचा का?

धरायचा नाही. एका तासाला दुप्पट दर एकदाच मिळतो. मात्र दोन्हींपैकी कोणत्याही एका मर्यादेबाहेर गेलेला तास सुटताही कामा नये. समजा, एका कामगाराने सोमवार ते शनिवार अनुक्रमे 11, 8, 10, 8, 8 आणि 7 तास काम केले. रोजच्या हिशेबाने सोमवारचे 2 आणि बुधवारचा 1, असे 3 तास जादा भरतात. आठवड्याची बेरीज 52, म्हणजे त्या हिशेबाने जादा 4. काही ठिकाणी या दोन्हींची बेरीज करून 7 तास लावले जातात, ते चूक. योग्य रीत अशी : आधी रोजचे 3 जादा तास बाजूला काढावेत, उरलेले 49 तास 48 शी ताडून पाहावेत आणि वर गेलेला 1 तास त्या 3 मध्ये मिळवावा. उत्तर 4 येते.

हेच उत्तर आणखी सोप्या वाटेने मिळते. रोजची जादा आणि आठवड्याची जादा स्वतंत्र काढावी आणि मोठा आकडा घ्यावा. हा योगायोग नाही. रोजचे जादा तास काढूनही 48 च्या वर काही उरत असेल, तर दोन्ही मिळून आठवड्याचीच जादा तयार होते. काही उरत नसेल, तर रोजची जादा तेवढी राहते. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, 2020 हिच्या कलम 27 मध्ये हाच विचार स्पष्ट शब्दांत आला आहे : जादा तास दैनिक किंवा साप्ताहिक, यांपैकी कामगाराला जे अधिक फायद्याचे त्या पद्धतीने मोजावेत. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. किती तासांनंतर जादा धरायचे, हे ठरवणे तिने संबंधित शासनावर सोपवले आहे. आकडे बदलले तरी वरची रीत तीच राहते.

दरासाठी 1948 च्या कायद्यात मूळ वेतनासोबत भत्तेही धरले होते. बोनस आणि ओव्हरटाइमची रक्कम वगळली होती. मूळ वेतन 15,600 आणि महागाई भत्ता 5,200 रुपये असल्यास एकूण 20,800. महिन्याचे 26 दिवस आणि दिवसाचे 8 तास या प्रचलित भागाकाराने ताशी 100 रुपये, दुप्पट दर 200. वरच्या आठवड्याचे 800 रुपये होतात. फक्त मूळ वेतनावर हिशेब केला, तर तोच दर 150 वर येतो आणि कामगाराचे 200 रुपये बुडतात.

सर्वांत जास्त नुकसान होते ते फक्त साप्ताहिक बेरीज पाहिल्याने. कामगार सोमवारी आणि मंगळवारी 11-11 तास राबला, बुधवारी रजेवर होता आणि पुढचे तीन दिवस 8-8 तास आला, तर प्रत्यक्ष कामाचे तास 46 होतात. आठवड्याची मर्यादा ओलांडलेली नाही. तरीही 4 तास जादा आहेत आणि त्यांचे 800 रुपये देणे लागते. रजा भरपगारी असली, तरी तिचे तास प्रत्यक्ष काम नसल्याने 48 च्या बेरजेत येत नाहीत.

दुसरी चूक रात्रपाळीत लपते. रात्री 10 ते सकाळी 9 असे 11 तास काम झाले आणि हजेरीच्या यंत्राने मध्यरात्री दिवस बदलला, तर नोंद 2 आणि 9 अशी पडते. रोजची जादा शून्य दिसते. 1948 च्या कायद्याच्या कलम 57 नेही मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसातच मोजायला सांगितले होते. म्हणून रात्रपाळीच्या महिन्यात कामगाराचा ओव्हरटाइम अचानक घटलेला दिसला, तर आधी पंचिंगच्या वेळा आणि मस्टरवरचे तास शेजारी ठेवून पाहावेत.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दिवसाला 8 आणि आठवड्याला 40 तासांच्या वर दीडपट दर आहे, तर दिवसात 12 तासांच्या वर दुप्पट. दर दोन झाल्यामुळे तेथे नुसता मोठा आकडा निवडून भागत नाही. आधी दुप्पट दराचे तास, मग रोजचे दीडपट दराचे तास बाजूला काढून उरलेले साधे तास 40 शी ताडावे लागतात.