पार्श्वभूमी: साइट प्लॅनवरची उत्तर नेमकी कोणती?

साइट प्लॅन जागेवर नेऊन होकायंत्राने जुळवायला घेतला की अडचण होकायंत्राच्या आधी प्लॅनवरच्या बाणापाशी येते. बाण असतो, शेजारी ‘उत्तर’ असे लिहिलेलेही असते. पण ती ध्रुवाकडची खरी उत्तर, नकाशावर छापलेल्या चौकोनांच्या ग्रिडची उत्तर की होकायंत्राच्या सुईची उत्तर, हे बहुतेक प्लॅनवर सापडत नाही. या तीन दिशा वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजेपोटी कागदावर आल्या आणि प्रत्येक नवी दिशा आधीच्याच बाणात जाऊन बसली. आजचा गोंधळ तिथून सुरू होतो.

सुई खऱ्या उत्तरेकडे नेमकी रोखलेली नसते, हे 11व्या शतकातल्या चिनी लेखनात नोंदलेले आहे. 15व्या शतकात जर्मन कारागीर खिशात मावणाऱ्या छायाघड्याळाच्या छोट्या होकायंत्रावर या फरकाची वेगळी रेघ कोरत. हा फरक स्थिर नाही, हे मात्र उशिरा कळले. लंडनमध्ये 1580 साली सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे सव्वाअकरा अंश पूर्वेला होती, 1634 मध्ये ती जेमतेम चार अंश पूर्वेला आढळली. पुढे ती उत्तर ओलांडून पश्चिमेला गेली, 19व्या शतकाच्या सुरुवातीला चोवीस अंशांहून अधिक पश्चिमेला पोहोचली आणि तिथून परत फिरली. ग्रिनिचला ती खऱ्या उत्तरेशी पुन्हा जुळली ती 2019 मध्ये. म्हणजे एकाच गावातले दोन जुने नकाशे एकाच सुईवर काढलेले असूनही पस्तीस अंशांनी वेगळे पडू शकतात.

जमीन मोजणाऱ्यांसाठी महत्त्वाचे वळण 1785 चे. अमेरिकेतल्या त्या वर्षीच्या जमीन मोजणीच्या कायद्याने दोन गोष्टी सक्तीच्या केल्या: रेषा खऱ्या उत्तरेवरून आखायच्या, आणि मोजणीच्या वेळी सुईचा फरक किती होता ते प्रत्येक नकाशावर लिहायचे. माझ्या मते या विषयातला सर्वांत शहाणा नियम हाच. सुईवर काढलेला जुना प्लॅन चुकीचा नसतो. त्यावर साल आणि फरक असेल तर तो आजही वापरता येतो. साल नसलेला बाण मात्र कितीही सुबक असला तरी त्याचे पुढे काही करता येत नाही. त्याच देशात, मिशिगनच्या उत्तर भागात 1844 साली मोजणी करणाऱ्या एका तुकडीची सुई जवळजवळ काटकोनात वळली, कारण पायाखाली लोहखनिज होते. ती तुकडी सूर्यावरून दिशा घेणारे यंत्र बाळगून होती, म्हणून तिचे काम अडले नाही.

इथवर उत्तर दोनच होत्या. तिसरी आली ती चौकटींच्या नकाशांबरोबर. पहिल्या महायुद्धात तोफखान्याला अंतर आणि दिशा कागदावरून झटपट काढून हवी होती. अक्षांश-रेखांशांच्या जाळ्यात ते हिशेब किचकट होतात, म्हणून नकाशावर सरळ, एकसारख्या चौकोनांचे ग्रिड छापले जाऊ लागले. 1940च्या दशकात साऱ्या जगाला सहा-सहा अंश रुंदीच्या 60 पट्ट्यांत विभागणारी यूटीएम पद्धत आली आणि पुढे नागरी मोजणीतही रुळली. प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध एक मध्य रेखावृत्त असते. ग्रिडच्या सगळ्या उभ्या रेषा त्याला समांतर असतात. खरी रेखावृत्ते मात्र ध्रुवाकडे एकत्र येत जातात. त्यामुळे मध्य रेखावृत्तावर ग्रिडची उत्तर आणि खरी उत्तर एकच असते, आणि तिथून बाजूला सरकावे तसा दोघींत कोन पडत जातो. याला ग्रिड अभिसरण म्हणतात. मध्य रेखावृत्तापासून रेखांशात जितके अंश दूर, त्याला अक्षांशाच्या साइनने गुणले की तो कोन जवळजवळ बरोबर मिळतो. विषुववृत्तावर तो शून्य असतो. 45 अंश अक्षांशावर, पट्ट्याच्या अगदी कडेला, तो दोन अंशांच्या थोडा वर जातो. उत्तर गोलार्धात मध्य रेखावृत्ताच्या पूर्वेला ग्रिड उत्तर खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला पडते, पश्चिमेला पश्चिमेकडे. दक्षिण गोलार्धात हे उलटे होते.

तिन्ही उत्तर एका रेषेत येण्याचा योगही घडतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लँगटन मॅट्रॅव्हर्स या गावी नोव्हेंबर 2022 मध्ये तो आला आणि नंतर ती जागा उत्तरेकडे सरकत गेली. त्या गावापुरता तेव्हा कोणताही बाण बरोबर ठरला असता.

खरा गुंता शब्दांत झाला आहे, आणि त्यासाठी इथे जरा थांबायला हवे. खरी उत्तर आणि सुई यांच्यातल्या कोनाला जमिनीवरचे लोक डेक्लिनेशन म्हणतात, दर्यावर्दी त्यालाच व्हेरिएशन म्हणतात. जवळच्या लोखंडामुळे एखाद्या होकायंत्रात जी चूक येते ती डेव्हिएशन, आणि ती पूर्णपणे वेगळी गोष्ट. मराठीत पहिल्या कोनाला ‘दिक्पात’ म्हणणे बरे, कारण ‘विचलन’ म्हटले की ऐकणाऱ्याला पृथ्वीमुळे पडलेला फरक अभिप्रेत आहे की लोखंडामुळे पडलेला, ते कळत नाही. पण याहून मोठी अडचण ग्रिडने निर्माण केली. ग्रिड छापलेला नकाशा हातात असलेल्या माणसाला खऱ्या उत्तरेशी काही घेणेदेणे नसते. त्याला ग्रिड आणि सुई यांच्यातला कोन हवा असतो. म्हणून नकाशाच्या तळाशी तीन बाणांची छोटी आकृती छापण्याची पद्धत पडली, आणि ग्रिड-चुंबकीय कोनालाही बोलताना सर्रास डेक्लिनेशनच म्हटले जाऊ लागले. ‘डेक्लिनेशन अमुक इतके’ असे कोणी सांगितले की ते खऱ्या उत्तरेपासून की ग्रिडपासून, हे विचारल्याशिवाय तो आकडा वापरता येत नाही. त्या छापील आकृतीतले कोनही बरेचदा प्रमाणात काढलेले नसतात. कोनमापक लावून ते मोजायचे नाहीत, शेजारचा आकडा आणि साल वाचायचे.

संगणकावर आराखडे होऊ लागल्यावर यात चौथी दिशा आली. इमारतीच्या भिंती पडद्यावर सरळ दिसाव्यात म्हणून रेखाटन फिरवून घेतले जाते, आणि त्या वरच्या दिशेला `Project North` असे नाव मिळाले. त्याच्या जोडीला दुसरी दिशा असते ती `True North`. मोजणीदाराकडून आलेली फाइल ग्रिडमध्ये असते. तिच्यावरून मॉडेल जुळवले की ही `True North` प्रत्यक्षात ग्रिड उत्तर असते. नाव खऱ्या उत्तरेचे, दिशा ग्रिडची. हे नाव देण्याचा निर्णय मला घातक वाटतो. ऊन-सावलीच्या अभ्यासात एखाद-दोन अंशांनी फारसे बिघडत नाही हे खरे, पण तोच बाण छापून साइटवर गेला की वाचणारा त्याला फक्त दिक्पात लावतो आणि अभिसरण गळून जाते.

ही गफलत आकड्यांत पाहू. समजा जागा 45 अंश उत्तर अक्षांशावर, मध्य रेखावृत्ताच्या दोन अंश पूर्वेला आहे. अभिसरण दोन गुणिले 0.707, म्हणजे सुमारे 1°25′ पूर्व. आजचा दिक्पात 3°30′ पश्चिम धरू. प्लॅनवर दीडशे मीटरची एक हद्द आहे आणि तिचे ग्रिड बेअरिंग, म्हणजे ग्रिड उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन, 62° आहे. ग्रिड उत्तर खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला असल्यामुळे खरे बेअरिंग 62° अधिक 1°25′, म्हणजे 63°25′. सुई पश्चिमेला झुकलेली, म्हणून होकायंत्रावर त्यात आणखी 3°30′ मिळवायचे: 66°55′. ग्रिडवरून थेट सुईवर येण्याचा फरक 4°55′ झाला. बाणाला खरी उत्तर समजून नुसता दिक्पात लावला तर 65°30′ येते, आणि दीडशे मीटरवरचा खुंट पावणेचार मीटर सरकतो. दिक्पात मिळवण्याऐवजी वजा केला तर चूक सात अंशांची होते, खुंट अठरा मीटर दूर पडतो. त्याच हद्दीचा चाळीस वर्षांपूर्वीचा सुईवर काढलेला प्लॅन हाती आला आणि तेव्हाचा दिक्पात 7° पश्चिम होता, तर त्यावर 70°25′ लिहिलेले असेल. आज ते बेअरिंग जसेच्या तसे धरले तर नऊ मीटरांचा फरक. जुन्या सालाचा दिक्पात काढताना आजची वार्षिक बदलाची गती मागे गुणत नेऊ नये, कारण ती गतीच बदलत असते. 1900 पासूनची मूल्ये देणारी चुंबकीय मॉडेल उपलब्ध आहेत, त्यांतून त्या सालाचे मूल्य घ्यावे. पुढच्या काळाचे मॉडेल दर पाच वर्षांनी नवे निघते. 2019 मध्ये आर्क्टिकमधला बदल इतका वेगाने झाला की ते मुदतीआधीच सुधारावे लागले.

फोन आल्यावर आणखी एक पाऊल चुकू लागले. काही फोनच्या होकायंत्रात `Use True North` अशी सेटिंग असते. ती चालू असेल तर फोन दिक्पात स्वतःच लावून देतो. त्यावर हाताने पुन्हा दिक्पात लावणारे पुष्कळ. वरच्या उदाहरणात अशा फोनवर 63°25′ दिसायला हवे. वेबवरच्या नेहमीच्या नकाशांत वरची बाजू सगळीकडे खरी उत्तर असते. म्हणून ग्रिडमधला प्लॅन त्यावर ठेवला की तो अभिसरणाइतका तिरका दिसतो आणि मोजणीच चुकली अशी शंका घेतली जाते. प्लॅनची कडा आणि वेब नकाशाची कडा यांतला कोन 1°25′ च भरला, तर मोजणी बरोबर आहे आणि प्लॅनवरचा बाण ग्रिडचा आहे, हे त्यातूनच कळते.

जागेवर दोन ओळखीचे खुंट असतील तर एवढ्या बेरजा-वजाबाक्या टाळता येतात. त्या दोन खुंटांमधल्या रेषेचे ग्रिड बेअरिंग प्लॅनवरून काढायचे, तीच रेषा होकायंत्राने वाचायची. दोहोंतल्या फरकात दिक्पात, अभिसरण आणि त्या होकायंत्राची स्वतःची चूक, तिन्ही एकत्र येतात. तोच फरक बाकीच्या रेषांना लावायचा. मात्र रेषा दोन्ही टोकांवरून वाचावी. दोन वाचनांत 180 अंशांचा फरक पडला नाही, तर कुठल्यातरी टोकाजवळ सळई, तारेचे कुंपण, उभे वाहन किंवा गाडलेला पाइप आहे. ते टोक सोडून दुसरे घ्यावे. प्रिझमॅटिक होकायंत्र अर्ध्या अंशापर्यंत वाचता येते, आणि दीडशे मीटरवर अर्धा अंश म्हणजे सव्वा मीटरहून जास्त. प्लॅन कोणत्या बाजूने धरायचा, हद्दीचा दगड कुठे शोधायचा, एवढ्याला ते पुरते. पायाची आखणी त्यावर करता येत नाही.

जुळवणी झाली की बाणाशेजारी एक ओळ लिहून ठेवायला मिनिटही लागत नाही: ग्रिड उत्तर, अभिसरण 1°25′ पूर्व, दिक्पात 3°30′ पश्चिम, आणि त्यापुढे मोजणीचे साल.