गळकं गोदाम आणि दुसऱ्याच्या पैशाचा जुगार

आमच्या मुलुंडच्या इमारतीतल्या एका काकांनी परवा लिफ्टपाशी गाठलं आणि मोबाईल पुढे केला. एका कंपनीचा रोखा, म्हणजे कंपनीला आपण द्यायचं कर्ज, वर्षाला साडेअकरा टक्के व्याज, किमान गुंतवणूक दहा हजार. "एफडीच की रे ही, फक्त व्याज जास्त," काका म्हणाले. गुरुपुष्यामृत येतोय, त्या दिवशीच पैसे टाकायचे असा त्यांचा बेत होता.

मुहूर्ताचं सोडा, कंपनीच्या ताळेबंदाला पंचांग वाचता येत नाही. पण "एफडीच की" हा समज मात्र हल्ली घरोघरी आहे. 2024 मध्ये सेबीने खासगी विक्रीच्या रोख्यांची दर्शनी किंमत एक लाखावरून दहा हजारांपर्यंत खाली आणायला परवानगी दिली, तेव्हापासून हे रोखे आपल्यासारख्यांच्या मोबाईलपर्यंत पोचले आहेत. कंपनी बुडेल का, एवढी चौकशी लोक करतात. पण चांगली चाललेली कंपनीसुद्धा अगदी कायदेशीर मार्गाने तुमच्या रोख्याची किंमत स्वतःच्या भागधारकांच्या खिशात वळती करू शकते, हे फार थोड्यांच्या डोक्यात येतं. मला हा सगळा प्रकार विलक्षण आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रोखेधारकाला ठरलेली रक्कम मिळते, एक रुपयाही जास्त नाही. ती देऊन उरेल ते सगळं भागधारकाचं. काहीच उरलं नाही तर भागधारकाचे शेअरचे पैसे जातात, पण त्याच्या घराला कुणी टाळं लावत नाही, कारण त्याची जबाबदारी मर्यादित असते. आपल्या 2016 च्या दिवाळखोरी संहितेतही वाटपाच्या रांगेत तारण असलेले धनको आणि कामगार वरच्या बाजूला आहेत आणि भागधारक सर्वात शेवटी. शेवटी असणं वाईट वाटतं खरं, पण कंपनी गाळात जाऊ लागली की हीच शेवटची जागा मजेशीर वागायला लावते.

समजा, भिवंडीला एक गोदाम कंपनी आहे. (कंपनी माझ्या कल्पनेतली आहे, आकडे सोयीचे घेतले आहेत.) तिला वर्षअखेर रोखेधारकांना व्याजासकट 100 कोटी द्यायचे आहेत. दोन वर्षं धंदा बसला, गोदामं विकली आणि आता तिच्याकडे फक्त 80 कोटी रोकड आहे. हे पैसे बँकेत गपचूप ठेवले, तर वर्षाने रोखेधारक 80 कोटी घेऊन जातील, 20 कोटींना मुकतील, आणि भागधारकांच्या हाती भोपळा. बँकेचं वर्षाचं व्याज हिशोब सोपा राहावा म्हणून सोडून देऊ.

आता प्रवर्तकांच्या कानावर एक योजना येते. 80 कोटी लावायचे. चारात एक शक्यता अशी की त्याचे 180 कोटी होतील. उरलेल्या तीन शक्यतांमध्ये जेमतेम 20 कोटी परत येतील. सरासरी काढा: 180 चा पाव भाग 45, 20 चा पाऊण भाग 15, मिळून 60. म्हणजे 80 देऊन 60 ची वस्तू घ्यायची. स्वतःचे पैसे असते तर कुठल्याही शहाण्या माणसाने दारातूनच नमस्कार केला असता.

पण भागधारकाच्या चष्म्यातून बघा. योजना फळली तर 180 मधून 100 रोखेधारकांना देऊन 80 उरतात. फसली तर शून्य, पण शून्य तर एरवीही होतंच! पाव शक्यतेने 80, म्हणजे सरासरी 20 कोटी. काही न करता शून्य, जुगार खेळून 20. रोखेधारकांचं काय झालं? चारातल्या एका वेळी 100, तीन वेळा 20, सरासरी 40. त्यांचे 80 चे 40 झाले. त्या 40 कोटींतले 20 भागधारकांकडे गेले आणि 20 हवेत विरले.

याला जोखीम ढकलणं म्हणतात. यात चोरी नाही, खोटी बिलं नाहीत, संचालक मंडळाने रीतसर ठराव केला आहे. मायकेल जेन्सन आणि विल्यम मेकलिंग यांनी 1976 च्या आपल्या गाजलेल्या लेखात हे नेमकं मांडलं. त्याआधी 1973 मध्ये ब्लॅक आणि शोल्स यांनी ऑप्शनची किंमत काढायचं सूत्र दिलं, त्याच लेखात त्यांनी जाता जाता म्हटलं होतं की कर्ज असलेल्या कंपनीचा शेअर हा स्वतःच एक कॉल ऑप्शन आहे, म्हणजे एखादी वस्तू ठरलेल्या किमतीला घेण्याचा हक्क, पण घ्यायलाच हवी असं बंधन नाही. शेअर बाजारात ऑप्शन खेळणाऱ्यांना हे चटकन कळेल. कंपनीची मालमत्ता हा मूळ माल, कर्जाची रक्कम ही स्ट्राइक प्राइस, परतफेडीचा दिवस ही एक्स्पायरी. आणि ऑप्शन हातात असलेल्याला चढउतार हवेच असतात. किंमत सरासरी तेवढीच राहून नुसती हेलकावे जास्त खाऊ लागली तरी ऑप्शन महागतो, कारण वरचा हेलकावा त्याचा आणि खालचा दुसऱ्याचा. हा दुसरा म्हणजे रोखेधारक. त्याने कंपनीला कर्ज दिलं तेव्हाच नकळत एक ऑप्शन विकून टाकला. इथे वाचकांपैकी निम्मे गळाले असतील तर त्यांनी वरचा 80 आणि 60 चा हिशोब तेवढा लक्षात ठेवावा. ऑप्शन तेच सांगतो.

हे नुसतं कागदावर घडत नाही. अमेरिकेतल्या बचत-कर्ज संस्थांनी लोकांना तीस-तीस वर्षांची घरकर्जं स्थिर व्याजाने दिली होती. सत्तरीच्या अखेरीस व्याजदर भडकले, ठेवींवर जास्त व्याज द्यावं लागलं आणि अनेक संस्था आतून पोकळ झाल्या. 1980 मध्ये ठेव विम्याची मर्यादा 40 हजार डॉलरवरून एक लाख करण्यात आली, 1982 मध्ये या संस्थांनी कर्ज कुठे द्यायचं यावरचे निर्बंध सैल झाले. गमावण्यासारखं काही न उरलेल्या मालकांनी विमा असलेल्या ठेवींच्या जोरावर व्यापारी इमारतींपासून कमी पतीच्या जंक रोख्यांपर्यंत मिळेल तिथे पैसे लावले. ठेवीदार निवांत होते, कारण विमा होता. मग विमा महामंडळच बुडालं आणि अमेरिकी करदात्यांना सुमारे 124 अब्ज डॉलरचा भुर्दंड पडला.

आता याच भांडणाची दुसरी बाजू. इथे कंपनी धाडस करत नाही, उलट हातावर हात ठेवून बसते.

आपली गोदाम कंपनी दोन वर्षं मागे नेऊ. धंदा अजून बसलेला नाही, पण 100 कोटींचं देणं आहे. वर्ष चांगलं गेलं तर मालमत्ता 140 कोटींची ठरेल, वाईट गेलं तर 60 ची, शक्यता निम्मी-निम्मी. भागधारकांचा वाटा: चांगल्या वर्षी 40, वाईट वर्षी शून्य, सरासरी 20. रोखेधारकांचा: 100 किंवा 60, सरासरी 80.

गोदामांची छपरं गळताहेत. पत्रे बदलून नवी गटारं टाकायला 12 कोटी लागतील आणि वर्ष कसंही जावो, मालमत्तेची किंमत 16 कोटींनी वाढेल. 12 टाकून 16, डोळे झाकून करावं असं काम. कंपनीत शिल्लक नाही, म्हणून हे 12 कोटी भागधारकांनी घालायचे. त्यांना मिळणार काय? चांगल्या वर्षी 16 जास्त, पण वाईट वर्षी ते सगळे 16 रोखेधारकांच्या तुटीत जिरणार. सरासरी 8 कोटी. 12 घालून 8. भागधारक म्हणतात, गळू दे. मग पहिल्या जोरदार पावसात कापडाचे तागे भिजतात, भाडेकरू निघून जातात आणि ते वाईट वर्ष आपल्या पायांनी दारात येतं.

मुंबईकराला हे नवीन नाही. गिरगाव-लालबागच्या पागडीच्या चाळी आठवा. भाडं गोठलेलं, म्हणून घरमालक डागडुजी करत नाही. खर्च त्याचा, सुख भाडेकरूचं. शेवटी टेकू लावायला म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाला यावं लागतं. स्ट्यूअर्ट मायर्स यांनी 1977 मध्ये कर्जबाजारी कंपन्यांबद्दल जे लिहिलं ते वाचताना मला दर वेळी त्या चाळींचे जिने दिसतात.

यावर उपाय सोपा दिसतो. रोखेधारकांनी 100 ऐवजी 90 कोटींवर समाधान मानावं. मग छपरासकट चांगल्या वर्षी मालमत्ता 156, वाईट वर्षी 76. रोखेधारकांना सरासरी 83 मिळतात, म्हणजे आधीच्या 80 पेक्षा जास्तच. भागधारकांना 33, म्हणजे 13 जास्त, खर्च 12. दोघांचंही भलं! धनको एखादीच बँक असती तर हे एका बैठकीत जमलं असतं. पण रोखेधारक हजारो असतात आणि प्रत्येकाला वाटतं, बाकीच्यांनी सोडावं, मी माझे पूर्ण घेईन. म्हणून तर सेबीने 2020 मध्ये नियम केला, की कंपनीने पैसे थकवल्यावर इतर धनकोंबरोबर तडजोडीत उतरायचं तर मूल्याने 75 टक्के आणि संख्येने 60 टक्के रोखेधारकांची संमती पुरे.

सगळ्याच कंपन्या असं वागतात का? नाही. नोकरी टिकवायची असलेला व्यवस्थापक जुगाराला बिचकतो आणि उद्या पुन्हा कर्ज काढायचं असलेला प्रवर्तक नाव जपतो. ग्रॅहम आणि हार्वी यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात अमेरिकी वित्त अधिकाऱ्यांना जोखीम ढकलण्याची फारशी पर्वा दिसली नाही. गडबड होते ती कंपनी काठावर आली की. तेव्हा खुणा दिसतात: दुरुस्ती आणि यंत्रांवरचा खर्च वर्षानुवर्षं घसाऱ्यापेक्षा कमी, नफा आटलेला असताना लाभांश मात्र भरघोस, जमीन विकून अनोळखी धंद्यात उडी, प्रवर्तकांच्याच दुसऱ्या कंपनीला कर्ज.

काकांच्या रोख्याचं माहितीपत्रक मग आम्ही त्यांच्या जेवणाच्या टेबलावर उघडलं. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'सेक्युअर्ड'. पुढे बऱ्याच पानांनंतर अटी सापडल्या. तारण ठेवलेली मालमत्ता विकायला रोखेधारकांच्या वतीने लक्ष ठेवणाऱ्या डिबेंचर ट्रस्टीची परवानगी हवी, हे ठीक. व्याज थकलं असताना लाभांश देता येणार नाही, हेही ठीक. पण नवीन कर्ज किती काढता येईल, धंदा बदलता येईल का, समूहातल्या कंपन्यांना पैसे देता येतील का, याबद्दल अक्षर नाही. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे मजा मारणार शेअरवाले. मग मी शेअरच घेतो ना!"

"मग काका, वाईट वर्षी तुमच्या हाती शून्य."

काका बँकेत आयुष्य काढलेले. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आणि सारख्या प्रमाणात दोन्ही घेतले तर?"

मी वरचाच हिशोब करून दाखवला. कंपनीचा दहावा हिस्सा रोखे आणि दहावा हिस्सा शेअर ज्याच्याकडे असेल, त्याला त्या जुगारात रोख्यावर 4 कोटींचा फटका आणि शेअरवर 2 कोटींचा फायदा. तो माणूस मतदानात हात खालीच ठेवील. आणि छपरासाठी तो आनंदाने पैसे काढील.