केस स्टडीचे व्हिडिओ-कथेत रूपांतर

एखाद्या ग्राहकाची अडचण उत्पादन किंवा सेवेमुळे कशी सुटली, हे सांगणाऱ्या लेखी केस स्टडीवरून दीड-दोन मिनिटांचा कथारूप व्हिडिओ तयार करण्याची पद्धत. व्हिडिओत ग्राहकाची अडचण, कथेला वळण देणारा क्षण आणि मोजून दाखवता येणारा निकाल असे तीन टप्पे असतात. पहिला आणि तिसरा टप्पा लेखी मजकुरात बहुधा सापडतो. दुसरा जवळपास कधीच सापडत नाही, आणि या कामाची खरी मेहनत तिथेच आहे.

लेखी केस स्टडी चाळण्यासाठी असते. तिच्यात निकाल शीर्षकातच येतो, मग कंपनीची ओळख, आव्हान, उपाय आणि फायदे अशी ठरलेली मांडणी असते. वाचक हवे तिथे थांबतो, नको ते गाळतो. व्हिडिओच्या प्रेक्षकाला ही सोय नसते. शिवाय दोन मिनिटांत सावकाश बोललेले अडीचशेच्या आसपासच शब्द मावतात. त्यामुळे बाराशे शब्दांचा मजकूर थोडाथोडा सगळीकडून कापत बसण्याऐवजी एकच अडचण निवडावी लागते.

समजा, सुटे भाग पाठवणाऱ्या एका गोदामाची केस स्टडी आहे. तिच्यात लिहिले आहे: ‘स्कॅनर प्रणालीची अंमलबजावणी करण्यात आली व चुकीच्या पाठवणीचे प्रमाण ६२.५ टक्क्यांनी घटले.’ करण्यात आली म्हणजे कोणी केली, का केली, त्याच वेळी का केली, हे या वाक्यातून कळत नाही. म्हणून गोदामप्रमुखाशी पुन्हा बोलावे लागते. ‘आमची प्रणाली कशी वाटली?’ असे विचारले की कौतुक मिळते, कथा मिळत नाही. ‘आता असे चालणार नाही, हे पहिल्यांदा कधी वाटले? त्या दिवशी काय झाले होते?’ हे विचारले की माणूस आठवू लागतो. या गोदामात तोपर्यंत चुकीचा दोष कामगारांच्या निष्काळजीपणाला दिला जात होता. एकाच ग्राहकाला दुसऱ्यांदा चुकीचा भाग गेला तेव्हा प्रमुख स्वतः रॅकपाशी गेले. तिथे फक्त शेवटचा अंक वेगळा असलेले दोन भाग शेजारच्याच खणांत ठेवलेले दिसले. दोष माणसांचा नसून मांडणीचा आणि नंबर डोळ्यांनी वाचण्याच्या पद्धतीचा आहे, हे त्यांना तिथे उमगले.

हे कथेचे वळण. स्कॅनर आले तो दिवस म्हणजे वळण नव्हे, तो वळणाचा परिणाम. उत्पादनाच्या आगमनालाच वळण मानणे ही या प्रकारातली सर्वांत सामान्य चूक आहे. ती ओळखायची साधी कसोटी अशी: उत्पादनाचे नाव झाकून पटकथा वाचावी. तरीही मधल्या भागात कोणीतरी काही समजून घेतो किंवा निर्णय घेतो असे दिसले, तर कथा उभी आहे. काहीच उरले नाही, तर ती जाहिरात आहे.

चित्रीकरणात ग्राहकाच्या हाती लिहिलेली वाक्ये देऊ नयेत. वाचून दाखवताना नजर आणि आवाज दोन्ही बदलतात, आणि संपादनात ते लपवता येत नाही. मुलाखतकाराचा आवाज नंतर काढायचा असल्यास प्रश्नातला विषय उत्तरात घेऊन पूर्ण वाक्यात बोलायला सांगतात. मग मुलाखत शब्दशः उतरवून निवडक बाइट, म्हणजे बोलण्याचे छोटे तुकडे, कागदावरच क्रमाने लावतात. याला पेपर एडिट म्हणतात. शेजारचे दोन खण, जवळून दिसणारे नंबर, परत आलेली खोकी अशी बी-रोल दृश्ये, म्हणजे बोलणे चालू असताना पडद्यावर दाखवायची पूरक दृश्ये, याच क्रमानुसार टिपायची. आधी मिळेल ते टिपून ठेवले की बाइट चालू असताना पडद्यावर टायपिंग करणारे हात दिसत राहतात.

निकालाचा आकडा कागदावरून जसाच्या तसा उचलू नये. ‘६२.५ टक्के घट’ ऐकणाऱ्याला मूळ प्रमाण कळत नाही. ‘आधी शंभर पार्सलांत ८ चुकीची जायची, आता ३ जातात’ हे एका ऐकण्यात कळते, आणि गणित तेच आहे. शिवाय मोजणी कोणी केली, किती काळाची, दोन्ही कालखंड सारख्या कामाच्या ताणाचे होते का, हे तपासावे लागते. गर्दीचा महिना आणि मंदीचा महिना यांची तुलना करून आलेला आकडा कितीही देखणा असला तरी टाकून द्यावा. इथे तर स्कॅनरबरोबर रॅकची मांडणीही बदलली होती, त्यामुळे सगळे श्रेय स्कॅनरला देता येत नाही. ‘आम्ही खण वेगळे केले आणि स्कॅनर आणले’ असे प्रमुखांच्या तोंडी राहू द्यावे. विक्री विभागाला हे वाक्य सहसा आवडत नाही, पण व्हिडिओवर विश्वास बसतो तो बऱ्याचदा अशाच वाक्यामुळे.

लेखी केस स्टडीला मिळालेली परवानगी व्हिडिओला आपोआप लागू होते असे धरू नये. चेहरा, आवाज आणि आकडा वापरण्याची लेखी संमती वेगळी घेतात, तीही चित्रीकरणाआधी. ऐनवेळी ग्राहकाच्या कायदा विभागाने आकडा अडवला, तर ‘लक्षणीय सुधारणा’ असे मोघम शब्द घालण्यापेक्षा उघड करता येईल असे दुसरे मोजमाप शोधतात. उदाहरणार्थ, परत आलेला माल तपासायला पूर्वी किती माणसे लागत आणि आता किती लागतात.