सरांच्या नावाची पट्टी काळी का पडते? पारदर्शक फाईल पाठवणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लातुरातल्या बऱ्याच क्लासेसचं काम आता दोन ठिकाणी होतं. लोगो आणि सरांच्या नावाची पट्टी त्यांचा स्वतःचा डिझायनर आफ्टर इफेक्ट्समध्ये बनवतो. लेक्चरचं एडिटिंग आमच्याकडे होतं आणि ती पट्टी आम्ही व्हिडिओवर बसवतो. ही वाटणी आम्हालाही सोयीची आहे, कारण डिझायनरला क्लासचे रंग आणि अक्षरं आमच्यापेक्षा जास्त माहीत असतात. खोळंबा होतो तो एकाकडून दुसऱ्याकडे येणाऱ्या फाईलपाशी. पट्टी सुंदर असते, पण आमच्या टाइमलाइनवर टाकली की काळा डबा दिसतो, नाहीतर कडा मळलेल्या दिसतात. मग फोनाफोनी, परत रेंडर, परत अपलोड, आणि त्या दिवशी जाणारं लेक्चर दुसऱ्या दिवशी जातं. हे पत्रक त्यासाठी आहे. डिझायनरला जसंच्या तसं फॉरवर्ड केलं तरी चालेल.

काळ्या डब्याचं आधी उरकून टाकू. नेहमीच्या MP4 फाईलमध्ये, म्हणजे H.264 मध्ये, पारदर्शकपणा साठवायला जागाच नसते. प्रत्येक बिंदूचा रंग जातो, पण तो बिंदू किती आरपार आहे हे सांगणारा चौथा चॅनल, अल्फा, जात नाही. एक्स्पोर्ट करताना सॉफ्टवेअर रिकाम्या जागी काळा रंग भरून मोकळं होतं. अशी फाईल आली की “तुमच्याकडून तेवढं काळं काढून घ्या ना” असा निरोप सोबत असतोच. काळं काढता येतं, पण त्यासोबत पट्टीवरची काळी अक्षरं, सावली आणि गडद मरून रंगाचा अर्धा भागही जातो. कोणतं काळं मुद्दाम दिलेलं आहे आणि कोणतं रिकामं आहे, हे त्या फाईलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून आम्ही MP4 परत पाठवतो. यात अडवणूक नाही. ती बसवून दिली तर स्क्रीनवर नाव सरांचं आणि बोलणी आम्हाला, असं होतं.

हवी असते ती MOV फाईल, Apple ProRes 4444 कोडेकची. यातला शेवटचा ‘४’ हा अल्फासाठी असतो. Apple ProRes 422 नावाचा त्याचा भाऊ यादीत शेजारीच दिसतो. त्यात अल्फा नाही, आणि घाईत हात हमखास त्याच्यावर पडतो.

आफ्टर इफेक्ट्समध्ये कॉम्पोझिशन रेंडर क्यूमध्ये टाका आणि Output Module च्या नावावर क्लिक करा. Format मध्ये QuickTime, आणि Format Options मध्ये Apple ProRes 4444. मग Channels मध्ये RGB + Alpha करा. ते RGB वरच राहिलं तर कोडेक बरोबर असूनही फाईल काळी येते. Depth मध्ये Millions of Colors+ असलं पाहिजे, शेवटच्या अधिक चिन्हासकट. त्याच्या खालचा Color हा पर्याय सहसा कोणी उघडून पाहत नाही. आमचा निम्मा वेळ त्याच्यापायी जातो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

Color मध्ये दोन पर्याय असतात, Straight (Unmatted) आणि Premultiplied (Matted). फरक अर्धवट पारदर्शक बिंदूंमध्येच पडतो. पूर्ण भरीव किंवा पूर्ण रिकाम्या जागेवर दोन्ही सारखेच दिसतात. स्ट्रेटमध्ये रंग जसा आहे तसा लिहिला जातो आणि तो किती आरपार आहे हे वेगळं लिहिलं जातं. प्रीमल्टिप्लाइडमध्ये रंग आधीच पार्श्वभूमीत, बहुतेक वेळा काळ्यात, मिसळून लिहिला जातो. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. फाईल एका पद्धतीची आणि वाचणारं सॉफ्टवेअर दुसऱ्या समजुतीत असलं की घोळ होतो.

एक उदाहरण आकड्यांनी बघा. सर व्हाइटबोर्डसमोर उभे आहेत. रंगाची मोजपट्टी ० ते २५५ धरली तर बोर्डाचा पांढुरका रंग २३०. तुमची पांढरी पट्टी, रंग २५५, हळूहळू उमटत येते आहे आणि या क्षणी निम्मी उमटली आहे. बरोबर हिशोब असा: पट्टीचे निम्मे १२७, बोर्डाचे निम्मे ११५, मिळून साधारण २४२. डोळ्याला स्वच्छ पांढरं. आता फाईल प्रीमल्टिप्लाइड आहे, म्हणजे तिच्यात २५५ ऐवजी १२७ च लिहिलेलं आहे, आणि आमचं सॉफ्टवेअर तिला स्ट्रेट समजतं. ते १२७ चे परत निम्मे करतं, म्हणजे ६४. त्यात बोर्डाचे ११५ मिळवले की १७९ येतात. पांढऱ्या बोर्डावर पांढरी पट्टी येते आहे आणि मधेच राखाडी दिसते आहे. कारण एवढंच, की अर्धं करण्याचं काम दोनदा झालं.

हे ओळखायचं कसं? पट्टी येताना आणि जाताना मळकट होते, मधे पूर्ण उमटली की एकदम उजळते. अक्षरांना बारीक काळी कडा दिसते. पट्टी ७० टक्के पारदर्शकतेची असेल तर ती पूर्ण वेळ ठरलेल्यापेक्षा गडद राहते. उलटी चूक झाली, म्हणजे स्ट्रेट फाईलला प्रीमल्टिप्लाइड समजलं गेलं, तर कडा पांढरट आणि जाड होते.

“आमच्याकडे तर नीट दिसतं” हे वाक्य आम्ही रोज ऐकतो, आणि ते खोटं नसतं. डिझायनर बहुतेक वेळा काळ्या किंवा गडद पार्श्वभूमीवर तपासतो, आणि काळ्यावर काळी कडा दिसणार कशी? लेक्चर मात्र पांढऱ्या बोर्डावर असतं. म्हणून पाठवण्याआधी एवढं करा: तयार MOV आफ्टर इफेक्ट्समध्ये परत आणा, तिच्याखाली एक पांढरा सॉलिड ठेवा आणि पट्टी येतानाच्या फ्रेम एकेक करून पुढे सरकवा. दोन मिनिटांचं काम आहे. आफ्टर इफेक्ट्सनं फाईल आणताना अल्फाबद्दल विचारलं तर तुम्ही रेंडरला निवडलेलाच पर्याय सांगा.

आमच्या कामासाठी Straight (Unmatted) निवडा. मात्र ती फाईल साध्या प्लेयरमध्ये उघडली तर अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या, सावलीच्या जागी ठोकळे, असं काहीतरी विचित्र दिसू शकतं, कारण असा प्लेयर अल्फा न वाचता नुसता रंग दाखवतो. फाईल खराब झालेली नसते. तसंच प्लेयरमध्ये मागे काळं दिसलं म्हणून पारदर्शकपणा गेला असंही समजू नका. प्लेयरला मागे काहीतरी दाखवावंच लागतं. खरं काय ते टाइमलाइनवर, खाली दुसरा व्हिडिओ ठेवल्यावरच कळतं.

प्रीमल्टिप्लाइड फाईल आधीच पाठवून झाली असेल तर परत रेंडर करू नका, फक्त तसं कळवा. दाविंची रिझॉल्व्हमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून Clip Attributes मध्ये अल्फाचा प्रकार बदलता येतो. आमचं ते अर्ध्या मिनिटाचं काम आहे, त्याचे पैसे लागत नाहीत. न कळवता आलेल्या फाईलमध्ये मळकट कडा शोधत बसावं लागतं, वेळ त्यात जातो.

या सगळ्यानं न सुटणारी एक गोष्ट आहे, चमक. लोगोवरून सरकणारा उजेड किंवा फ्लेअर बऱ्याचदा काळ्या पार्श्वभूमीची तयार क्लिप असते आणि ती Screen किंवा Add मोडमध्ये लावलेली असते. हे मोड खालच्या लेयरशी हिशोब करून चालतात. पारदर्शक एक्स्पोर्टमध्ये खाली लेक्चर नसतंच, त्यामुळे लोगोच्या बाहेर त्या क्लिपचं काळं भरीव होऊन फाईलमध्ये येतं. कॉम्पोझिशनच्या खिडकीखालचं Toggle Transparency Grid बटण दाबा. चौकटींची जाळी जिथे दिसते तिथेच आरपार आहे. लोगोभोवती काळा चौकोन दिसला तर फ्लेअर बंद करून लोगोची फाईल काढा आणि फ्लेअर वेगळा द्या. तो साध्या MP4 मध्ये, काळ्यावर चालेल. आम्ही आमच्याकडे Screen मोडमध्ये वर ठेवू. याच बटणानं विसरून चालू राहिलेला बॅकग्राउंडचा सॉलिडही सापडतो.

फाईलच्या आकाराबद्दल तक्रार येते. ॲपलच्या माहितीनुसार 1920×1080, 29.97 फ्रेमला ProRes 4444 सेकंदाला साधारण ३३० मेगाबिट घेतो, म्हणजे दहा सेकंदांना चारशे एमबीच्या आसपास. नावाच्या पट्टीत बरीचशी फ्रेम रिकामी असते, त्यामुळे ती सहसा यापेक्षा लहान होते. तरी एमबी वाचवायला ती कन्व्हर्टरमधून काढू नका, अल्फा तिथेच पडतो. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली तर तेच होईल. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. स्थिर लोगो असेल तर MOV चा खटाटोप नको, एक PNG पुरे.

आमची लेक्चरं 25 फ्रेमची असतात, तेव्हा पट्टीही 25 ची आणि पूर्ण 1920×1080 ची द्या, पट्टीपुरती कापलेली नको. कापलेली पट्टी नेमकी कुठे बसवायची हे मग अंदाजानं ठरवावं लागतं.

काही जण विचारतात, रेंडर कशाला, सरळ प्रोजेक्ट फाईलच देऊ का? द्या, आम्ही एक्स्पोर्ट करून देऊ. पण मराठी फॉन्ट आणि प्लगइन सोबत लागतात. फॉन्ट नसला की ‘श्री’ची जोडणी तुटते, रकार सरकतो, आणि सरांच्या नावातली चूक विद्यार्थी सर्वांत आधी पकडतात. रेंडर केलेल्या MOV ला फॉन्ट लागत नाही. वर्षात सरांची नावं सारखी बदलणार असतील तर पट्टीचं मूळ एकदा आमच्याकडे बनवून ठेवणं स्वस्त पडतं. नवीन नाव कळवलं की त्याच दिवशी MOV आणि PNG दोन्ही मिळतात, आणि तुमच्या डिझायनरला नाव बदलायला बसावं लागत नाही.

नवीन बॅचची पहिली पट्टी पाठवताना सगळी नावं एकदम रेंडर करू नका. एकाच सरांची पाठवा. आम्ही ती पांढऱ्या बोर्डावर बसवून स्क्रीनशॉट पाठवतो, त्याचे पैसे घेत नाही. तो बघून बाकीची काढा.