फिकी पडलेली थर्मल पावती वाचणे

किराणा दुकान, औषधाचे दुकान किंवा सुपरमार्केट यांच्या बिलिंग मशीनमधून निघालेल्या थर्मल पावतीवरचा मजकूर पुसट झाल्यावर तो पुन्हा जुळवण्याची पद्धत. हिशेब तपासणारे, लेखापाल आणि वॉरंटीचा दावा करणारे ग्राहक यांना तिची गरज पडते. येथे भारतातील ५८ मिलिमीटर रुंदीच्या, म्हणजे बोलीभाषेत ‘दोन इंची’, किराणा बिलाचा विचार केला आहे.

थर्मल कागदावर शाई नसते. कागदाच्या थरात एक रंगहीन रंजक आणि एक आम्लधर्मी पदार्थ शेजारी शेजारी असतात. छपाईच्या तापलेल्या ठिपक्याखाली ते वितळून एकत्र आले की काळा रंग उमटतो. ही क्रिया उलटूही शकते. पीव्हीसीच्या पाकिटातील प्लास्टिक मऊ ठेवणारी द्रव्ये, चिकटपट्टीचा गोंद किंवा हाताचे तेल लागले की दोन्ही पदार्थ वेगळे होतात आणि अक्षर विरते. उन्हानेही रंग उडतो. गरम लॅमिनेशनने मात्र अगदी उलटे होते. सगळा कागद काळा पडतो, मग वाचायला काही उरत नाही. म्हणून पावती हाती आल्यावर आधी पाहायचे ते हे, की अक्षर गेले आहे की पार्श्वभूमी काळवंडली आहे. पुढचे सर्व पहिल्या प्रकारासाठी आहे.

पावती काचेखाली सपाट ठेवून ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करावी. छपाईचे ठिपके दर मिलिमीटरला आठ असतात, त्यामुळे प्रत्येक ठिपक्याला जवळपास तीन पिक्सेल मिळतात आणि तेवढे पुरतात. फोनमधल्या स्कॅनर ॲपचा ‘कृष्णधवल दस्तऐवज’ पर्याय टाळावा. तो फिकट करड्या छटा थेट पांढऱ्या करून टाकतो, आणि नेमक्या त्याच आपल्याला हव्या असतात. उरलेला डाग बहुधा पिवळट-तपकिरी असतो, म्हणून चित्राच्या निळ्या वाहिनीत, म्हणजे फक्त निळ्या रंगाची तीव्रता दाखवणाऱ्या थरात, तो गडद दिसतो. डाग निळसर असेल तर लाल वाहिनी पाहावी. संगणकावर इमेजमॅजिक हा चित्रे सुधारणारा प्रोग्राम असेल तर एका ओळीत काम होते:

```
magick bill.png -channel B -separate +channel -contrast-stretch 2%x2% out.png
```

हेअर ड्रायरने मागून उब देण्याचा सल्ला बरेच जण देतात. त्याने कधी अक्षरे गडद होतात, तर कधी पार्श्वभूमीच काळी होऊन अक्षरे फिकट उरतात. झालेला बदल परत फिरत नाही, त्यामुळे स्कॅन हाती असल्याशिवाय हा प्रयोग करू नये. केलाच तर आधी कोऱ्या कोपऱ्यावर.

चित्र कितीही सुधारले तरी काही अंक धूसरच राहतात. तेथे डोळ्यांपेक्षा रकान्यांची शिस्त जास्त कामाची. दोन इंची कागदावर छपाईची रुंदी ४८ मिलिमीटर, म्हणजे ३८४ ठिपके असते. नेहमीचे अक्षर १२ ठिपके रुंद, त्यामुळे एका ओळीत बरोबर ३२ अक्षरे बसतात आणि प्रत्येकाला दीड मिलिमीटर जागा मिळते. बिलातली तुटक रेघांची ओळ सहसा संपूर्ण रुंदीची असते. तीच मोजपट्टी मानून स्कॅनवर ३२ उभ्या घरांची जाळी आखावी. रकमा उजवीकडे टेकवून छापलेल्या असल्याने दशांश चिन्ह प्रत्येक ओळीत एकाच घरात येते, आणि डाग कोणत्या घरात आहे यावरून तो एकक की शतक हे ठरते. त्याच जाळीवर सगळ्या ओळींत एकाच जागी उभी पांढरी रेघ दिसली तर तो रंग उडल्याचा दोष नव्हे, छपाईच्या डोक्यातला एखादा ठिपका मेलेला आहे. ती रेघ ८ च्या डाव्या कडेवरून गेली तर तो ३ वाटतो, म्हणून त्या घरातले सर्व ३ संशयास्पद समजावेत.

जागा अपुरी असल्याने वस्तूंची नावे तोडलेली असतात. दुकानदार ती स्वतःच्या सोयीने भरतो. बहुतेकदा स्वर गाळले जातात आणि शेवटी वजन येते. `SFLW OIL PCH 1L` म्हणजे सूर्यफूल तेलाची एक लिटरची पिशवी, `LSE` म्हणजे सुटे, `RAWA BRK` म्हणजे बारीक रवा. एकाच दुकानाच्या दोन बिलांत तीच वस्तू त्याच संक्षेपाने येते, त्यामुळे त्या दुकानाचे ताजे बिल हा सर्वांत चांगला शब्दकोश. बिलावर एचएसएन क्रमांक असेल तर वस्तूचा वर्ग कळतो: ०७१३ डाळी, १५१२ सूर्यफूल तेल, १७०१ साखर, ३३०६ टूथपेस्ट.

अंकांचा खरा निकाल गणित लावते. ऑगस्ट २०२४ मधले बिल असे आहे असे धरू, न दिसणाऱ्या अंकाच्या जागी प्रश्नचिन्ह आहे:

```
TUR DAL PRM 1K
   2.000   168.00     336.00
SFLW OIL PCH 1L
   3.000   1?8.00     3?4.00
SUGAR LSE
   1.250    44.00      55.00
TPST HRBL 150G
   1.000    92.00      92.00
TOTAL                 8?7.00
CGST 2.5%              17.?4
```

तेलाचा दर १०८ असेल तर रक्कम ३२४, ११८ असेल तर ३५४, १२८ असेल तर ३८४. तिन्ही ‘३?४’ मध्ये बसतात. बाकीच्या तीन वस्तू ४८३ रुपयांच्या, त्यामुळे एकूण अनुक्रमे ८०७, ८३७ किंवा ८६७ येते आणि तीही सर्व ‘८?७’ मध्ये बसतात. येथे बहुतेक जण अडतात, पण खाली कराची ओळ आहे. छापलेल्या किमतींत कर धरलेला असतो. त्या वेळी वेष्टनबंद डाळ, तेल आणि सुटी साखरही ५ टक्क्यांत होती, टूथपेस्ट १८ टक्क्यांत. म्हणून टूथपेस्ट वगळायची. तेल ३५४ धरले तर ५ टक्के गटाची बेरीज ७४५. तिला १.०५ ने भागले की करपात्र मूल्य ७०९.५२ आणि कर ३५.४८ निघतो. त्याचा निम्मा सीजीएसटी १७.७४. तेल ३२४ धरले तर १७.०२ आणि ३८४ धरले तर १८.४५ येतो. ‘१७.?४’ ला फक्त १७.७४ जुळतो. तेव्हा दर ११८, एकूण ८३७.

काही बिलिंग प्रणाली कर ओळीगणिक पूर्णांकित करतात, काही शेवटी एकदाच, त्यामुळे एक-दोन पैशांचा फरक चूक मानू नये. तसेच २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि टूथपेस्टही ५ टक्क्यांत आली. बिलाची तारीख आधी वाचल्याशिवाय हे गणित सुरू करू नये. तारीखच गेली असेल तर कराच्या ओळींत छापलेल्या टक्केवाऱ्यांवरून निदान ती या बदलाच्या अलीकडची की पलीकडची याचा अंदाज येतो, कारण १२ टक्क्यांचा गट त्यानंतर जवळपास नाहीसा झाला.

गणिताने मिळालेला अंक आणि प्रत्यक्ष दिसलेला अंक एकसारखे लिहू नयेत. नोंदवहीत जुळवलेला अंक चौकोनी कंसात ठेवावा, जसे ३[५]४. बिल क्रमांक, दुकानाचे नाव किंवा पैसे भरण्याची पद्धत या गोष्टी बेरजेतून निघत नाहीत. त्या गेल्या असतील तर दुकानातून दुसरी प्रत मागणे हाच मार्ग. सीजीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याला आपले हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. तारीख आणि रक्कम सांगता आली की त्या काळातले बिल दुकानाच्या संगणकात शोधता येते.