परत आलेले गिऱ्हाईक नक्की कुठल्या महिन्याचे?

समजा एखाद्या ऑनलाइन दुकानाचा रिपोर्ट सांगतोय की पूर्वी घेऊन गेलेले आणि पुन्हा खरेदीला आलेले लोक फेब्रुवारीत १२० होते, मार्चमध्ये २२८ झाले, एप्रिलमध्ये ३६०. आकडा महिन्याला चढतोय म्हटल्यावर सगळे खूश. आता हेच लोक जरा वेगळे मांडून बघू, म्हणजे प्रत्येकाची पहिली खरेदी ज्या महिन्यात झाली त्या महिन्याच्या गटात त्याला टाकायचं, आणि एकदा टाकलं की तो गट कधीच बदलायचा नाही. या गटाला म्हणतात कोहॉर्ट.

| पहिली खरेदी | नवे लोक | १ महिन्याने | २ महिन्यांनी | ३ महिन्यांनी |
|---|---|---|---|---|
| जानेवारी | ४०० | १२० | ८८ | ८० |
| फेब्रुवारी | ५०० | १४० | १०० | |
| मार्च | १००० | १८० | | |

एप्रिलचे ३६० म्हणजे या टेबलमधले ८०, १०० आणि १८०, तिरके जाणारे तीन खण. आता आडवं न वाचता "१ महिन्याने" हा कॉलम वरून खाली वाचा. जानेवारीच्या ४०० पैकी १२० म्हणजे ३० टक्के, फेब्रुवारीचे २८ टक्के, आणि मार्चचे? फक्त १८. एकूण आकडा वाढत होता तो नवीन लोक भरमसाट आले म्हणून, पण आलेल्यातल्या परत फिरकणाऱ्यांचं प्रमाण कमी झालंय आणि मार्चला तर घसरण मोठी आहे. मार्चमध्ये सेल होता का, नवीन जाहिरात होती का, काही वेगळंच झालं, हे टेबल सांगणार नाही, पण कुठल्या महिन्यात शोधायचं ते बरोबर दाखवतं.

आणि एक, आडवी ओळ मध्येच वर गेली, म्हणजे ८८ नंतर ८० ऐवजी ९५ आले, तरी ती चूक नाही. मार्चमध्ये न आलेला माणूस एप्रिलमध्ये येऊ शकतो, प्रत्येक महिन्याची मोजणी नव्याने होते.

आता रिकाम्या खणांकडे या, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. फेब्रुवारीचा तिसरा महिना अजून यायचाय म्हणून तो खण रिकामा आहे, तिथे कोणी आलं नाही असं नाही. पण स्प्रेडशीटमध्ये रिकाम्याचं शून्य करून टाकलं की "२ महिन्यांनी"ची सरासरी काढताना ८८ अधिक १०० म्हणजे १८८ ला सगळ्या १९०० लोकांनी भागलं जातं आणि उत्तर येतं जेमतेम १० टक्के. खरं तर मार्चच्या हजार लोकांचा दुसरा महिना उजाडलेलाच नाही, त्यांना भागाकारात घ्यायचंच नाही, मग १८८ भागिले ९०० म्हणजे जवळपास २१ टक्के. अर्ध्याहून जास्त टक्केवारी नुसत्या भागाकारात गायब झाली.

तसंच अर्धवट महिन्याचं. टेबल २० एप्रिलला काढलं तर एप्रिलचे दहा दिवस बाकी असतात, पण खण भरलेले दिसतात, आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा आकडा एकदम पडलेला वाटतो. ओळखायची खूण सोपी आहे: घसरण एकाच ओळीत किंवा एकाच कॉलममध्ये नसते, सगळ्या तिरक्या काठावर एकसारखी असते. महिना पुरा होईपर्यंत तो काठ वाचायचाच नाही, मी तर तो लपवूनच ठेवतो. पूर्ण झालेल्या महिन्यांच्या तिरक्या रेषेत मात्र अशी घसरण दिसली तर ती खरी, म्हणजे त्या महिन्यात सगळ्यांनाच काहीतरी आडवं आलं, जुने नवे दोन्ही, उदाहरणार्थ पेमेंट बंद पडलं असेल किंवा माल संपला असेल.

सगळ्यात फसवी असते पहिली ओळ. रेकॉर्डच जानेवारीपासून ठेवलं असेल तर वर्षानुवर्षं येणारा माणूस सुद्धा जानेवारीत "नवा" म्हणून नोंदला जातो, आणि तो परत येणारच असतो, त्यामुळे ती ओळ फुगते आणि नंतरच्या सगळ्या ओळी तिच्यापुढे फिक्या पडतात. आपल्या टेबलमधले ३० टक्के असेच आले असतील तर? म्हणून आधी रेकॉर्ड कधी सुरू झालं ते विचारायचं, आणि दुकान त्याहून जुनं असेल तर सुरुवातीच्या एक दोन ओळी सरळ सोडून द्यायच्या. इथे जानेवारी सोडली तरी फेब्रुवारीचे २८ आणि मार्चचे १८ उरतातच, पण आता तुलना दोनच ओळींची राहिली.

एक बारीक गोष्ट राहिली. कॅलेंडरचा महिना धरला की ३१ जानेवारीला पहिल्यांदा आणि १ फेब्रुवारीला परत घेणारा "१ महिन्याने" मोजला जातो, मध्ये फक्त एक दिवस, आणि १ जानेवारीला घेऊन ३१ जानेवारीला परत आलेला मोजलाच जात नाही. मार्चची बरीचशी गर्दी महिन्याच्या सुरुवातीला झाली आणि ते लोक मार्चच्याच शेवटी परत आले, तर १८ टक्के हा आकडा तेवढ्यामुळेही कमी दिसू शकतो. हे तपासायला प्रत्येकाच्या पहिल्या खरेदीच्या तारखेपासून ३० - ३० दिवस मोजून टेबल परत काढायचं. तरीही मार्च खालीच राहिला, तर मग त्या हजार लोकांनी पहिल्यांदा काय घेतलं, त्याची यादी उघडायची.